एका ओळीचं धर्मसंकट : वनरक्षकाच्या वहीतली एक नोंद

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं होतं, "सर, नीतिशास्त्र ऐकायला बरं वाटतं, पण उद्या सकाळी कामावर पेच पडला तर नेमकं करायचं काय?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की एक वही घ्या आणि निर्णय घेण्याआधी पाच पायऱ्यांनी लिहा. आज आपण अशी एकच नोंद पायरी-पायरीनं पाहणार आहोत. नोंद मी कल्पिलेली आहे, पण तिच्यातला पेच आपल्या जुन्नर-आंबेगावच्या मातीतला आहे.

एक वनरक्षक आहे. पहाटे त्याला फोन येतो, की बिबट्यानं कालवड मारली. तो वस्तीवर पोचतो तेव्हा तिथे गर्दी जमलेली असते. मागणी एकच : पिंजरा लावा. आता बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतो. तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आहे अशी खात्री पटली, तर त्याला पकडायची परवानगी देता येते. ती द्यायचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा, आणि तीही कारणं लिहून द्यावी लागते. गावकऱ्यांना हे अनुभवानं ठाऊक असतं. म्हणून गर्दीतले एक आजोबा वनरक्षकाला बाजूला घेऊन म्हणतात, "साहेब, माणसावर चाल करून आला, असं एवढं लिहा ना. एका ओळीनं तुमचं काय जातंय?"

एका ओळीचाच प्रश्न आहे. ती लिहायची की नाही? आता त्याची वही उघडू.

पहिली पायरी : काय घडलं. इथे फक्त पाहिलेलं लिहायचं. तो लिहितो : "कालवड मेलेली, गळ्यावर दातांच्या खुणा. जागा घराच्या दारापासून पंधरा पावलं. गोठ्याला दार नाही. ठसे उसाच्या कडेनं गेलेले. माणसावर हल्ला झालेला नाही. बिबट्या प्रत्यक्ष कोणी पाहिलेला नाही." शेवटचं वाक्य लिहिताना त्याचा हात थोडा अडखळतो. पण त्याच वाक्यामुळे तर हा पेच उभा राहिलाय! ते गाळलं, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या नुसता देखावा ठरतील.

दुसरी पायरी : मनात काय आलं. तो लिहितो : "मला गर्दीची भीती वाटली. आजोबांची दया आली. ओळ लिहिली तर दुपारपर्यंत सुटका होईल, असंही वाटून गेलं." या भावना वेगळ्या का लिहायच्या? न लिहिलेली भीती पुढे जाऊन युक्तिवादाचं रूप घेते. सुटकेची इच्छा असते आणि आपण तिला 'लोकहित' म्हणतो. ती आधीच कागदावर आली, तर पुढे ओळखता येते.

तिसरी पायरी : परिणाम कोणावर. यादीत आजोबांचं कुटुंब येतं, उसातून शाळेला जाणारी मुलं येतात, शेताकडेला खोप्या टाकून राहिलेले ऊसतोड मजूर येतात, बिबट्या येतो, अहवालावर विसंबून सही करणारा अधिकारी येतो. मग त्याला एक प्रश्न पडायला हवा : इथे हजर नसलेलं कोण? इथे आपल्या तालुक्याचा इतिहास कामाला येतो. २००१ नंतर जुन्नर भागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडले गेले, आणि त्यातले २९ सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. स्थलांतर सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. म्हणजे आपल्या गर्दीत नसलेली एक बाई, सोडल्या जागेजवळच्या कुठल्यातरी गावात, या ओळीची किंमत मोजू शकते. ती इथे येऊन ओरडणार नाही. तिच्या वतीनं वहीतच बोलावं लागतं.

चौथी पायरी : पर्याय आणि त्यांची कसोटी. पहिला पर्याय, खोटी ओळ लिहायची. दुसरा, कालवडीचा पंचनामा करून निघून जायचं. बहुतेकांची नोंद इथेच थांबते, कारण 'खोटं की खरं' एवढंच दिसतं. पण दुसरा पर्याय तरी पूर्ण खरा कुठे आहे? दारापासून पंधरा पावलं, उसातली शाळेची वाट, उघड्यावर झोपणारी मजुरांची लेकरं, हे सगळं खरंच आहे की! म्हणून तिसरा पर्याय : हल्ला झालेला नाही हे स्पष्ट लिहायचं, आणि धोका वाढवणारी प्रत्येक गोष्टही तितक्याच स्पष्टपणे लिहून तातडीनं वरिष्ठांकडे पाठवायचं. शिवाय आजच गोठ्याला जाळी आणि दार, मुलांना सोबत, रात्रीची गस्त, ट्रॅप कॅमेरा, आणि भरपाईचे कागद.

आता कसोट्या लावू. परिणामांच्या बाजूनं पाहिलं तर पिंजऱ्यात तोच बिबट्या येईल याची खात्री नाही, आणि एक गेला की मोकळ्या जागी दुसरा येऊ शकतो. कर्तव्याच्या बाजूनं कांट विचारेल : प्रत्येक वनरक्षकानं गरजेपुरती ओळ वाढवली तर? मग 'हल्ला झाला' या शब्दांवर कोणीच विश्वास ठेवणार नाही, आणि खरा हल्ला होईल त्या दिवशी त्याचा अहवालही इतरांसारखाच वाचला जाईल. तिसरी कसोटी सोपी आहे : हा अहवाल ग्रामसभेत मोठ्यानं वाचला गेला तर मान खाली जाईल का?

पाचवी पायरी : निर्णय आणि चूक ठरण्याची खूण. तो तिसरा पर्याय निवडतो आणि खाली लिहितो : "बिबट्या दिवसाढवळ्या वस्तीत आला, किंवा माणूस पाहूनही हटला नाही, तर परिस्थिती बदलली असं धरून त्याच तासाला नवा अहवाल पाठवीन." मग तारीख, वेळ, सही.

आता अवघड भाग. समजा, चार दिवसांनी त्याच वस्तीवर एखाद्या लेकरावर हल्ला झाला. तर? वनरक्षकाला झोप लागणार नाही, आणि लागूही नये. पण जुनी नोंद खोडायची नाही. खाली वेगळ्या शाईनं लिहायचं. प्रश्न दोन, आणि ते वेगळे ठेवायचे : त्या दिवशी जे कळू शकत होतं ते मी पाहिलं का? आणि ठरवलेलं केलं का? गोठ्याला दार बसलं, पण गस्त दुसऱ्याच रात्री थांबली असेल, तर चूक निर्णयात नाही, पाळण्यात आहे. सगळं करूनही घडलं असेल, तर दुःख आहे. पण ती ओळ खोटी लिहायला हवी होती, असं त्यावरून सिद्ध होत नाही. वाईट शेवट झाला म्हणून निर्णय वाईट ठरत नाही, आणि नशिबानं निभावलं म्हणून चांगलाही ठरत नाही. हे तपासायला तारीख घातलेली, न खोडलेली वहीच लागते.

नोंद फसली हे कसं ओळखायचं? पाचही पायऱ्या मुकाट्यानं तुमच्या पहिल्या इच्छेकडेच आल्या, तर समजा, वही वकिली करते आहे. नकोसा पर्याय दोन शब्दांत आणि हवासा पानभर लिहिला असेल, तर परत लिहा.

आणि या पद्धतीची मर्यादाही सांगतो. बिबट्या समोर उभा असताना वही उघडता येत नाही. गर्दी दगड घेऊन उभी असेल तर आधी माणसं मागे सारायची. पायऱ्या त्या संध्याकाळसाठी आहेत, जेव्हा अहवालाचा कोरा कागद पुढे असतो आणि आजोबांचा आवाज कानात असतो.

त्या आजोबांना वनरक्षकानं काय उत्तर द्यावं? माझ्या मते त्यांच्यासमोरच अहवाल वाचावा, पंधरा पावलांसकट. म्हणावं, "बाबा, तुमची भीती मी सगळी लिहिली आहे. न घडलेलं तेवढं लिहिलं नाही." त्यांना पटेल का? कदाचित नाही. मग त्याच संध्याकाळी गोठ्याचं दार बसवायला हात लावावा. प्रश्न पुढच्या वेळी घेऊ.