घराचा फोटो, लेखांक ७ : तार कापायची की पुसायची?

गेल्या आठवड्यात घराचा फोटो दिवसाच्या कोणत्या वेळी काढावा, ते पाहिलं. वेळ साधली, भिंती उजळ आल्या, तरी नाशिकच्या जुन्या वसाहतींत एक अडचण उरतेच. इंदिरानगर किंवा सिडकोतल्या गल्लीत समोरच्या कडेला उभं राहून रो हाऊसचा फोटो काढा, महावितरणच्या चार-पाच तारा आकाशातून आडव्या गेलेल्या दिसतात, आणि फाटकावर ‘विकणे आहे’चा फ्लेक्स असतो तो वेगळाच. जाहिरात टाकणारा मग दोनपैकी एक उपाय करतो. क्रॉप करतो, म्हणजे चौकटीची कड आत ओढून नको तो भाग बाहेर टाकतो; किंवा मास्किंग करतो, म्हणजे तारेपुरता भाग निवडून त्यावर शेजारचं आकाश भरतो. दुसरा उपाय जास्त सफाईचा वाटतो, म्हणून हल्ली तोच आधी केला जातो. माझ्या मते क्रम उलटा हवा. क्रॉपमध्ये फोटोतलं काहीतरी कमी होतं. मास्किंगमध्ये कॅमेऱ्याने कधी पाहिलंच नव्हतं असं काहीतरी फोटोत येतं. घर विकायला काढलं असताना हा फरक नुसता कारागिरीचा राहत नाही.

समजा, फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा आहे. वरच्या कडेपासून मोजलं तर तारा ४८० ते ६८० या पट्ट्यात आहेत आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकण ९०० वर सुरू होतं. वरून ७५० पिक्सेल कापले की तारा पूर्ण जातात, टाकीच्या वर १५० पिक्सेल आकाश उरतं आणि चौकट ४००० बाय २२५० होते. हे नेमकं १६:९ चं प्रमाण, पडद्यावर छान बसणारं. पण जाहिरातीतले बाकीचे फोटो ४:३ चे असतील आणि हाही तसाच हवा असेल, तर रुंदी ३००० वर आणावी लागते. दोन्ही बाजूंनी पाचपाचशे पिक्सेल जातात आणि त्यात बहुधा पार्किंगची जागा किंवा फाटक कापलं जातं. क्रॉपची मर्यादा इथे येते. तारा घराच्या वर असतील तर तो चालतो, घरावरून जात असतील तर नाही. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीसमोरून तार गेली असेल तर कापणार काय? अशा वेळी खांब रस्त्याच्या पलीकडच्या कडेला असतील, तर तारा पाठीमागे राहतील इतकं पुढे येऊन फोटो पुन्हा काढावा. फोन वर न झुकवता सरळ उभा धरावा, नाहीतर भिंती आत कललेल्या दिसतात. खालचा जास्तीचा रस्ता नंतर कापता येतो.

मास्किंगचं काम निरभ्र आकाशात सोपं दिसतं, पण फसतं तेही तिथेच. फोनचा कॅमेरा फोटो आपोआप धारदार करतो, त्यामुळे काळ्या तारेच्या दोन्ही बाजूंना एक बारीक उजळ रेघ येते. मास्क फक्त तारेवर बसवला तर तार जाते आणि तिची पांढरी भुतं मागे राहतात. म्हणून मास्क तारेपेक्षा दोन-तीन पिक्सेल रुंदच घ्यावा लागतो. भरलेला पट्टा भोवतालच्या आकाशापेक्षा गुळगुळीत दिसतो तो वेगळा. तार जिथे नारळाच्या झावळीतून किंवा खिडकीच्या ग्रिलवरून जाते, तिथे ग्रिलचा गज मध्येच तुटतो किंवा जाडजूड होतो. उन्हातला फोटो असेल तर भिंतीवर तारेची सावली तशीच राहते. आणि खांबावरून घराच्या मीटरपर्यंत आलेली सर्व्हिस वायर पुसली, तर भिंतीवरची पट्टी नि चिनीमातीचं गुटकं कशासाठी आहे, हे कोडं पडतं. पाहणाऱ्याला अशी एक खूण सापडली की तो उरलेल्या फोटोंकडेही संशयाने बघू लागतो.

पण समजा, हात इतका सफाईदार आहे की एकही खूण राहत नाही. तरीही तार पुसू नये, कारण तार हा फोटोतला डाग नाही, ती मिळकतीची माहिती आहे. वीजसुरक्षेच्या नियमांनुसार ११ केव्हीची तार बाजूने जात असेल तर इमारतीपासून आडवं अंतर किमान १.२ मीटर आणि छतावरून जात असेल तर उभं अंतर किमान ३.७ मीटर लागतं. रो हाऊस घेणाऱ्याच्या मनात पुढेमागे एक मजला चढवायचा विचार असतो, आणि ते जमेल की नाही हे कधीकधी त्या एका तारेवर ठरतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने घरविक्रीच्या जाहिरातींसाठी केलेला कायदा १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. फोटोत काही घातलं, काढलं किंवा बदललं असेल तर तसं सांगणं आणि मूळ फोटो पाहायची सोय देणं त्यात बंधनकारक आहे. त्यात विजेच्या खांबांचा उल्लेख नाव घेऊन आहे, आणि क्रॉप, उजेड, रंग यांची दुरुस्ती मात्र त्यातून वगळलेली आहे. आपल्याकडे इतकी बारीक रेघ ओढलेली नाही. पण २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार, जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला बिल्डरकडून भरपाई मागता येते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की गिऱ्हाईक घर पाहायला येणारच आहे, तार काय लपून राहते? बरोबर, राहत नाही. म्हणूनच पुसण्यात व्यवहाराचाही फायदा नाही. मुंबईहून सुट्टी काढून आलेला माणूस फाटकाशी उभा राहून वर बघतो, आणि ज्या तारेकडे त्याने एरवी दुर्लक्ष केलं असतं तीच आता भाव पाडायचं कारण होते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: क्रॉप तरी कुठे प्रामाणिक? फाटकाला लागून डीपी असेल आणि चौकट बरोबर तिच्या अलीकडे संपत असेल, तर एकही पिक्सेल न बदलता फसवणूक होते. हे मान्यच करायला हवं, आणि कॅलिफोर्नियाचा कायदा इथे तोकडा पडतो असं मला वाटतं. म्हणून क्रॉपलाही एक अट घालावी: एका फोटोतून जे बाहेर गेलं, ते त्याच जाहिरातीतल्या दुसऱ्या फोटोत दिसलं पाहिजे. मुख्य फोटो १६:९ चा, तारांशिवाय. आणि तिसरा किंवा चौथा फोटो गल्लीचा, खांब-तारा-डीपीसकट.

पाट्यांचा हिशेब वेगळा आहे. ‘विकणे आहे’चा फ्लेक्स, वाढदिवसाचा बॅनर, कुंपणाला बांधलेली क्लासची जाहिरात या ताबा मिळण्याआधी जाणाऱ्या वस्तू. त्या मास्क करून काढल्या तरी घराबद्दल काही खोटं सांगितलं जात नाही. अर्थात फ्लेक्सची दोरी सोडून दोन मिनिटांत फोटो काढणं सोपं, कारण फ्लेक्समागची भिंत कशी आहे हे मास्किंगला ठाऊक नसतं. तिथला ओलाव्याचा पोपडा ते कोऱ्या रंगाने भरून टाकील. शेजारच्या तळमजल्यावरचा दवाखान्याचा किंवा पार्लरचा कायमचा बोर्ड मात्र राहू द्यावा. तिथे दिवसभर गाड्या लागणार, हे घेणाऱ्याला कळायला हवं. त्यावरचं नाव-नंबर नको असतील तर ते उघडपणे धूसर करावं, झाकलंय हे दिसेल असं. घरमालकाच्या नावाच्या पाटीलाही हाच न्याय.

पाटी काढायची असो की तार कापायची, काम नेहमी फोटोच्या प्रतीवर करा आणि मूळ फाइल तारखेसकट जपून ठेवा. कुणी मागितली तर ती लगेच पाठवता आली पाहिजे.