आषाढात १०८० ला पडलेली साडी १००० ला का द्यावी?

आषाढी एकादशी झाली की लग्नाचे मुहूर्त थांबतात आणि तालुक्याच्या गावातलं साडीचं दुकान दुपारभर रिकामं राहतं. अशाच दिवसांत एखादा कारखानदार येतो आणि म्हणतो, "आमच्या कामगार बायकांसाठी शंभर साड्या हव्यात, हजाराने द्या." तुम्ही वही उघडता. साडी १०८० ला पडलेली दिसते आणि तुम्ही त्याला नाही म्हणता. माझ्या मते नाही म्हणण्याआधी ते १०८० आले कुठून, हे पाहायला हवं.

गैरसमज: पडलेल्या किमतीपेक्षा ८० कमी घेतले, म्हणजे साडीमागे ८० चा तोटा.

समजा, साडीची खरेदी ८०० ची आहे. पिशवी, विक्रेत्याचं कमिशन आणि कार्डाचा खर्च मिळून ३० रुपये. हे ८३० रुपये साडी विकली तरच जातात. गाळ्याचं भाडं, पगार, कर्जाचं व्याज आणि विजेचं बिल मिळून महिन्याला एक लाख होतात आणि ते विक्री होवो न होवो, द्यावेच लागतात. चांगल्या महिन्यात ४०० साड्या जातात, म्हणून साडीमागे २५० धरून तुम्ही १०८० काढलेत आणि १२५० ला विकता.

आषाढात १२५० च्या भावाने १५० साड्याच गेल्या, तर प्रत्येकीमागे ४२० सुटतात, एकूण ६३,००० रुपये. लाखाला ३७,००० कमी पडतात. आता ती शंभराची मागणी घेतली, तर साडीमागे १७० सुटतात आणि वरचे १७,००० हातात येतात. तूट २०,००० वर येते. महिना तोट्यातच जातो हे खरं, पण मागणी परत पाठवली असती तर तोटा १७,००० रुपयांनी जास्त झाला असता. भाडं आणि पगार दोन्ही वेळी तेवढेच. रिकामे बसलेले विक्रेतेच ती मागणी बांधून देतात.

गैरसमज: विक्री घटली, तर खर्च भरून काढायला भाव वाढवावा.

१५० साड्यांवर एक लाख वाटले, तर साडीमागे ६६७ येतात आणि तीच साडी १४९७ ला पडते. या आकड्यावर भाव ठेवला तर गिऱ्हाईक आणखी घटेल, वाटणी आणखी वाढेल. माल तोच, खरेदी तीच; बदलला तो फक्त भागाकार. म्हणून मंदीच्या महिन्यात भाव ठरवताना हा आकडा बाजूला ठेवावा आणि ८३० कडे पाहावं.

गैरसमज: मग सगळ्यांनाच हजाराने द्यावी.

सर्वात जास्त नुकसान इथे होतं, आणि 'आषाढ सेल'ची पाटी लावताना हा हिशोब सहसा कोणी करत नाही. जी १५० गिऱ्हाइकं १२५० देणारच होती, त्यांच्याकडूनही आता १७० च सुटणार. आधीचेच ६३,००० मिळवायला ३७१ साड्या विकाव्या लागतील, म्हणजे २२१ जास्त. मंदीत एवढं गिऱ्हाईक कुठून आणणार? सवलत तेव्हाच कामाची, जेव्हा ती घेणारा एरवी आलाच नसता: एकगठ्ठा मागणी, ठरावीक जुने नग, एखाद्याच रंगाचा गठ्ठा. रोजचं गिऱ्हाईक तीच साडी हजारात मागू लागलं, तर समजा की सवलत चुकीच्या जागी गेली. ते टाळण्यासाठी शंभराच्या गठ्ठ्याला वेगळी वीण किंवा वेगळा काठ ठेवा. म्हणजे फळीवरच्या साडीशी तुलनाच होत नाही.

आणखी एक अट आहे. मागणी रोखीची हवी. ती तीन महिने उधारीवर गेली, तर १७० मधला काही भाग व्याजात जातो. बुडाली तर ८३० ही जातात. आणि हा हिशोब नवरात्र-दिवाळीत लावू नये. तेव्हा विक्रेत्याचा प्रत्येक तास पूर्ण भाव देणाऱ्या गिऱ्हाइकाचा असतो.

गैरसमज: काही झालं तरी खरेदी किमतीखाली जायचं नाही.

नव्याने भरावी लागणारी साडी असेल, तर हे बरोबर आहे. तिथे जुन्या बिलावरची नाही, आज भरायला जी किंमत पडेल ती बघा. भाव वाढून ती ९०० झाली असेल, तर ३० चा खर्च धरून तुमची तळरेषा ९३० आहे आणि हजाराच्या साडीत ७० च उरतात. पण दोन वर्षं पडून असलेल्या, घड्यांवर रंग उडू लागलेल्या साडीचे ८०० रुपये केव्हाच गेले; ती विकली तरी परत यायचे नाहीत. तिच्यासाठी प्रश्न एवढाच, की पुढच्या आषाढात तिला काय मिळेल. ४०० मिळणार असतील आणि आज ६०० मिळत असतील, तर आजच द्या. सूट बिलावर स्पष्ट लिहा, म्हणजे जीएसटीही सूट वजा जाता उरलेल्या किमतीवरच लागतो.