ओला रेयॉन नाजूक का होतो?

धाग्याची परीक्षा

कुर्तीच्या आतल्या शिवणीजवळच्या कापडातून एक धागा ओढून काढा. त्याचा मधला भाग पाण्याने भिजवा आणि दोन्ही टोकं धरून ताणा. धागा भिजवलेल्या जागीच तुटला, तर कापड बहुधा रेयॉनचं, म्हणजेच व्हिस्कोजचं आहे. सुती धागा सहसा कोरड्या भागात तुटतो. धागा जाळून मात्र हा फरक कळत नाही, कारण दोन्ही जळताना कागदासारखाच वास येतो. वास सारखा येतो, कारण दोन्ही सेल्युलोजच आहेत.

मग फरक कशात?

व्हिस्कोज लाकडाच्या लगद्यापासून बनतं. लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडच्या साहाय्याने विरघळवतात. तो घट्ट द्राव बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडला, की सेल्युलोजचा पुन्हा तंतू होतो. या सगळ्यात सेल्युलोजच्या लांब साखळ्या तुटून आखूड होतात. कापसात एका साखळीत हजारो कड्या असतात, साध्या व्हिस्कोजमध्ये साधारण तीन-चारशेच उरतात. शिवाय त्या कापसासारख्या नीट रचलेल्या नसतात, बराच भाग विस्कळीत राहतो.

पाणी शिरतं ते याच विस्कळीत भागात. शेजारच्या साखळ्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सुटतात, त्यांच्या जागी पाण्याचे रेणू येतात आणि तंतू फुगतो. साखळ्या आखूड असल्याने ताण पडताच एकमेकींवरून घसरतात. म्हणून भिजलेल्या व्हिस्कोजची ताकद जवळपास निम्म्यावर येते. कापूस ओला झाल्यावर उलट थोडा मजबूत होतो. लांब साखळ्यांमधला अडकलेला ताण पाण्याने सैल होतो आणि भार सगळीकडे सारखा वाटला जातो. त्यामुळे सुती कपडा आपटून धुण्याची सवय रेयॉनला घातक ठरते.

धुताना

थंड पाणी आणि सौम्य साबण घ्या, फार वेळ भिजत ठेवू नका. कपडा पिळू नका, दाबून पाणी काढा, मग टॉवेलमध्ये गुंडाळून पुन्हा दाबा. बादलीतून उचलताना खांद्याला धरून ओढू नका, दोन्ही हातांनी खालून आधार द्या. भिजलेली कुर्ती चांगलीच जड असते. खांद्यांना चिमटे लावून ती टांगली, तर सगळं वजन त्याच दोन जागांवर येतं, तिथे कापड ताणलं जातं आणि कुर्ती लांबते. आडवी पसरून, नाहीतर दोरीवर दुमडून सावलीत वाळवणं बरं. इस्त्री उलट्या बाजूने, किंचित दमट असतानाच करा.

काय भरून येतं, काय नाही

वाळल्यावर बंध पुन्हा जुळतात आणि ताकद परतते. पण ओलेपणी तुटलेले तंतू जुळत नाहीत. शिवणीजवळ धागे सरकून फट दिसू लागली किंवा कापडावर लव उठली, तर ते नुकसान कायमचं. वारंवार धुवायचे कपडे घेताना लायोसेल किंवा मोडाल निवडावं असं मला वाटतं. तेही सेल्युलोजच, पण त्यांच्या साखळ्या लांब आणि अधिक नीट रचलेल्या असतात, त्यामुळे ओली असताना ती साध्या व्हिस्कोजपेक्षा बरीच टिकाव धरतात.