केरळचं तिकीट: आधी सोडत, मग आकडे

केरळ राज्य लॉटरीच्या तिकिटावर इंग्रजी मालिकाक्षरं आणि सहा आकडे असतात. आधी सोडतीचं नाव, क्रमांक आणि तारीख निकालाशी जुळवा. दुसऱ्या आठवड्याचा निकाल पाहून अनेकजण फसतात.

पहिल्या बक्षिसासाठी मालिका आणि सहाही आकडे जुळावे लागतात. छोट्या बक्षिसांना मात्र शेवटचे चार आकडे पुरतात. समजा तिकीट ‘केए ४१२७३५’ आहे आणि यादीत २७३५ आहे, तर मालिका कुठलीही असो, बक्षीस लागलं.

खातरजमा सरकारी राजपत्रातल्या निकालावरूनच करा. पाच हजारांपर्यंतची रक्कम केरळातल्या लॉटरी दुकानात मिळते. मुदत तीस दिवसांची. तिकीट फाटू देऊ नका, त्याचा फोटो कुणाला पाठवू नका. बक्षिसासाठी आधी ‘शुल्क’ मागणारा भामटाच समजा.