पंख्याचा कंडेन्सर आणि ट्यूबचा चोक

रेग्युलेटर पाचवर असूनही पंखा रेंगाळू लागला, की इलेक्ट्रिशियन आधी कंडेन्सर बदलून पाहतो. त्यावर बहुधा २.५ मायक्रोफॅरड लिहिलेले असते. मल्टिमीटरने मोजल्यावर जुना दीडवर आलेला दिसला, की दुखणे सापडले.

कॅपॅसिटरला, म्हणजेच या कंडेन्सरला, व्होल्टेज किती आहे याच्याशी देणेघेणे नाही. ते किती वेगाने बदलते आहे, एवढेच तो पाहतो. गणितात या वेगाला विकलन म्हणतात आणि नियम असा: i = C dv/dt.

घरातली २३० व्होल्टची वीज शिखरावर ३२५ व्होल्टपर्यंत चढते: v = 325 sin 314t. हा ३१४ म्हणजे ५० हर्ट्झला २π ने गुणून आलेला आकडा. साइनचे विकलन कोसाइन, आणि आतला ३१४ गुणाकारात बाहेर येतो. म्हणून व्होल्टेज शून्यातून जाताना बदलाचा वेग सर्वाधिक असतो, सेकंदाला सुमारे १ लाख २ हजार व्होल्ट. त्याला २.५ मायक्रोफॅरडने गुणले की प्रवाह येतो पाव अँपिअर. उलट ३२५ च्या शिखरावर व्होल्टेज क्षणभर थबकते, तेव्हा प्रवाह शून्य! प्रवाहाचे शिखर व्होल्टेजच्या शिखराआधी पाव आवर्तन, म्हणजे ५ मिलिसेकंद, येऊन जाते.

हा हिशेब कंडेन्सर थेट मेन्सला जोडला तरचा. पंख्यात त्याच्याबरोबर एक वाइंडिंगही असते, त्यामुळे आकडे बदलतात. पण दोन वाइंडिंगमधले प्रवाह मागेपुढे होतात ते याच गुणामुळे, आणि त्यातूनच पंखा फिरवणारे चुंबकक्षेत्र तयार होते. कंडेन्सर अडीचाचा दीड झाला, की त्या वाइंडिंगला मिळणारा प्रवाह घटतो.

जुन्या ट्यूबलाइटच्या चोकमध्ये नेमका उलटा कारभार. तिथला नियम v = L di/dt. चोक सुमारे १ हेन्रीचा आणि प्रवाह i = 0.6 sin 314t धरला, तर चोकवरचे व्होल्टेज 188 cos 314t येते. इथे व्होल्टेज पुढे, प्रवाह मागे.

पण चोकची खरी करामत साइनचे वळण तुटते तेव्हा दिसते. स्टार्टरच्या पट्ट्या उघडल्या, की प्रवाहाची वाट एकदम बंद होते. ०.६ अँपिअर एका मिलिसेकंदात शून्यावर आला, तर चोकवर ६०० व्होल्ट उसळतात आणि त्या धक्क्याने ट्यूब पेटते. मात्र पट्ट्या उघडताना प्रवाह साइनच्या कुठल्या टप्प्यावर आहे, हे स्टार्टरला कळत नाही. तो शून्याजवळ असला, तर तोडायला काही उरतच नाही. धक्का फुसका निघतो आणि स्टार्टर पुन्हा प्रयत्न करतो. म्हणून तीच ट्यूब एखाद्या संध्याकाळी पहिल्याच फटक्यात लागते, तर दुसऱ्या दिवशी चारदा डोळे मिचकावते.