फेस जातो, सोडियम राहतं

फ्रंट लोड वॉशिंग मशीन एका धुण्यात साधारण चार वेळा पाणी सोडतं. पहिलं मळाचं आणि साबणाचं, नंतरची तीन खळबळून काढल्याची. घरात मात्र या चारही पाण्यांना मिळून ‘मशीनचं पाणी’ असं एकच नाव असतं. मग कुणी ते सगळंच मोरीत जाऊ देतं, कुणी टंचाईच्या धसक्याने सगळंच कुंड्यांना घालतं. खरं तर या चार पाण्यांत इतका फरक आहे की एकाने झाड बिघडावं आणि दुसऱ्याने ते खुशाल वाढावं.

थोडा हिशेब मांडू. पाच-सहा किलो कपडे, 15 लिटर पाणी आणि त्यात 60 ग्रॅम पावडर. मशीनने मळाचं पाणी सोडून कपडे थोडे फिरवले, तरी सहाएक लिटर पाणी कपड्यांत मुरलेलं राहतं आणि त्याबरोबर 60 पैकी 24 ग्रॅम पावडरही. त्यावर 12 लिटर नवं पाणी आलं की 18 लिटरमध्ये 24 ग्रॅम, म्हणजे लिटरला सव्वा ग्रॅमहून थोडी जास्त पावडर झाली. हे खळबळण्याचं पहिलं पाणी. दुसऱ्या पाण्यात हे प्रमाण अर्ध्या ग्रॅमच्या खाली येतं, तिसऱ्यात दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास. दर वेळी साधारण एक तृतीयांश.

टॉप लोड मशीनचा हिशेब वेगळा निघतो. ते धुवायलाच 50 लिटर पाणी घेतं. 70 ग्रॅम पावडर टाकली तरी ती आधीच पातळ झालेली असते. फिरवून झाल्यावर कपड्यांत आठेक ग्रॅम उरते आणि ती पुन्हा 50 लिटरमध्ये पसरते. म्हणजे टॉप लोडचं खळबळण्याचं पहिलंच पाणी फ्रंट लोडच्या तिसऱ्या पाण्याच्या तोडीचं असतं. पाणी वाचवणाऱ्या मशीनचं सांडपाणी जास्त कडक, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण पाणी कमी म्हटल्यावर साबण दाट राहणारच. सेमी ऑटोमॅटिकमध्ये हे आपल्या हातात असतं. धुतलेले कपडे आधी ड्रायरमध्ये फिरवून मग खळबळायला टाकले तर पाणी स्वच्छ येतं. तसेच निथळते टाकले तर बराच साबण सोबत येतो.

आता या साबणाचं मातीत काय होतं ते पाहू. आपल्याला भीती वाटते ती फेसाची, कारण तो दिसतो. फेस करणारं रसायन मातीतले जिवाणू खातात. माती मोकळी, हवेशीर असेल तर काही आठवड्यांत त्यातलं बरंचसं संपलेलं असतं. टिकणारी वस्तू वेगळी आहे. धुण्याच्या पावडरीत वजनाचा मोठा वाटा धुण्याच्या सोड्याचा आणि भर म्हणून घातलेल्या सोडियम सल्फेटचा असतो. पावडरीगणिक प्रमाण बदलतं, पण साध्या पावडरीच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा नुसतं सोडियम आहे असं धरायला हरकत नाही. सोडियमला कुठलाही जिवाणू खात नाही आणि बहुतेक झाडांना ते फारसं लागतही नाही. पाणी उडून जातं, ते मागे राहतं.

शेतकऱ्याला ही गोष्ट नवी नाही. नीरा, प्रवरा आणि कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षं पाणी देऊन, निचरा नसल्याने ज्या जमिनी बिघडल्या, त्यांत दोन प्रकार ओळखले जातात. खारवट जमिनीवर पांढरे क्षार फुलतात. चोपण जमिनीवर तसं फारसं काही दिसत नाही, पण पाणी पडलं की ती चिकट, चोपडी होते, वाळली की दगडासारखी घट्ट होते आणि पाणी आत घेत नाही. खारवटपणा क्षारांचा, चोपणपणा सोडियमचा. कुंडीला रोज साबणाचं पाणी घालणारा माणूस गच्चीवर नकळत चोपण जमीन तयार करत असतो.

चिकणमातीचे कण अतिशय बारीक, पापुद्र्यासारखे असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियमला दोन धनभार असल्याने ते या कणांना एकमेकांजवळ धरून ठेवतं. त्यातून मातीचे रवे बनतात आणि रव्यांमधल्या फटींतून हवापाणी खेळतं. सोडियमला एकच धनभार, शिवाय ते स्वतःभोवती पाण्याचा जाड थर बाळगतं. त्याने कॅल्शियमची जागा घेतली की कण सुटे होतात, फटींत जाऊन बसतात आणि भोकं बुजतात. धुण्याचा सोडा यात आणखी भर घालतो: मातीतल्या कॅल्शियमशी जुळून तो त्याचा चुना करून टाकतो, म्हणजे रव्यांना धरून ठेवणारा गडीच कमी होतो. आपली काळी माती फुगणाऱ्या चिकणमातीची असल्यामुळे तिला हे फार लागतं. कोकणातल्या तांबड्या जांभ्याच्या मातीचे रवे इतक्या सहजी मोडत नाहीत. नुसत्या कोकोपीटमध्ये चिकणमातीच नसते. तिथे क्षार साठण्याचा त्रास होतो, चोपण होण्याचा नाही.

यातली फसवी गोष्ट अशी, की नुकसान उन्हाळ्यात होतं आणि दिसतं पावसाळ्यात. मार्च ते मे साबणाचं पाणी जातं, तेव्हा मातीत इतरही क्षार भरपूर असतात आणि ते कणांना एकत्र दाबून ठेवतात. कुंडी ठीक दिसते. जूनमध्ये क्षार नसलेलं पावसाचं पाणी सरींनी पडतं, मोकळे क्षार धुऊन नेतं, पण कणांना चिकटलेलं सोडियम तसंच राहतं. आता कण सुटतात, कुंडीत पाणी तुंबतं, मुळं कुजतात आणि दोष जातो ‘यंदाच्या जास्त पावसाला’.

हे आधीच ओळखता येतं. कुंडीतल्या मातीचं वाटाण्याएवढं ढेकूळ सावलीत पूर्ण वाळवायचं. काचेच्या पेल्यात पावसाचं किंवा आरओचं पाणी घेऊन ते अलगद सोडायचं. ढवळायचं नाही, हलवायचं नाही, रात्रभर तसंच ठेवायचं. ढेकूळ नुसतं ढासळलं आणि पाणी नितळ राहिलं तर काळजी नाही. ढेकळाभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं तर माती चोपण व्हायला लागली आहे. बोअरचं जड पाणी या परीक्षेला चालत नाही; त्यातलं कॅल्शियम खरं चित्र झाकतं.

आता कुठलं पाणी कुठे? वरच्या हिशेबात फ्रंट लोडच्या पहिल्या पाण्यात लिटरला तीनशेवर मिलिग्रॅम सोडियम येतं, दुसऱ्यात शंभराच्या आसपास, तिसऱ्यात चाळिसाच्या आत. पहिलं पाणी झाडांना नकोच. ते संडासात ओतावं, जिना किंवा गॅलरी धुवावी, फरशी पुसावी. फरशीवर मात्र साबणाचा पातळ थर राहतो आणि त्यावर धूळ चिकटते, म्हणून शेवटचा हात साध्या पाण्याच्या फडक्याने फिरवावा, नाहीतर दोन दिवसांत फरशी पायाला चिकचिक लागते. कपड्यांना क्लोरिनचं ब्लीच वापरलं असेल तर त्या पाण्यात फरशीचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. दुसरं पाणी जमिनीत लावलेल्या नारळाला, बोगनवेलीला, कण्हेरीला अधूनमधून चालेल. तिसरं पाणी कुंड्यांनाही चालतं, पण दर वेळी नाही: एकदा हे, दोनदा साधं. लिंबू आणि अनंत यांना मात्र वगळलेलं बरं. लिंबाच्या पानांची टोकं क्षारांनी करपतात, अनंताची कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाणी मुळाशी घालावं, पानांवर नाही; आणि कच्च्या खायच्या कोथिंबीर-पुदिन्याला अजिबात नको, कारण त्यात आतल्या कपड्यांतले जंतूही असतात.

तिसऱ्या पाण्यात एक मेख आहे. कपडे मऊ करणारं सॉफ्टनर मशीन शेवटच्या खळबळण्यातच सोडतं, कपड्यांचं जंतुनाशकही लोक तेव्हाच घालतात. म्हणजे सगळ्यात स्वच्छ पाणी आपणच बिघडवतो. झाडांना पाणी द्यायचं असेल त्या दिवशी सॉफ्टनरचा कप्पा रिकामा ठेवायचा. पावडरीऐवजी लिक्विड वापरलं तर सोडियम बरंच कमी होतं, कारण त्यात सोड्याची भर सहसा नसते.

पाणी धरायची पद्धतही मशीन पाहून ठरते. फ्रंट लोडला पंप असतो. त्याची नळी खाली सोडून थेट जमिनीवरच्या बादलीत घातली तर मशीन भरतानाच पाणी आपोआप ओढलं जाऊन बाहेर वाहतं आणि मशीन भरतच राहतं. नळी आधी दोन-अडीच फुटांवर अडकवून मग बादलीकडे वळवावी. एका वेळी बारा-तेरा लिटर येतात, त्यामुळे 20 लिटरच्या बादल्या पाळीपाळीने लावता येतात. सेमी ऑटोमॅटिक आणि बऱ्याच टॉप लोड मशीनना पंप नसतो. पाणी उताराने जातं आणि नळी उचलली की अडतं. तिथे मशीनच फूटभर उंच स्टँडवर ठेवून खाली पसरट टब लावावा लागतो, आणि 50 लिटर एकदम येणार हे लक्षात ठेवून टब भरायच्या आत नळी वर उचलून अडकवावी लागते. पाणी जुन्या ओढणीतून गाळून घ्यावं, कपड्यांचा लोंढा निघतो. ते त्याच दिवशी संपवावं. दुसऱ्या दिवशी त्याला मोरीसारखा वास यायला लागतो.

शहराच्या कडेच्या सोसायट्यांना आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. बोअरचं जड पाणी मऊ करायला इमारतीत मिठावर चालणारं यंत्र बसवलेलं असतं. ते पाण्यातलं कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम घालतं. 400 मिलिग्रॅम जडपणाचं पाणी असं मऊ केलं की लिटरला सुमारे 180 मिलिग्रॅम सोडियम साबणाआधीच पाण्यात असतं, आणि कॅल्शियम जवळपास शून्य. तिथे तिसरं पाणीही कुंडीत घालू नये. नुसतं नळाचंसुद्धा नको. झाडांसाठी यंत्राच्या अलीकडचा नळ मागून घ्यावा.

पेल्यात गढूळ वलय दिसलंच, तर उपाय शेतकऱ्याचाच: जिप्सम. त्यात कॅल्शियम असतं आणि ते हळूहळू विरघळतं. 12 इंची कुंडीच्या वरच्या मातीत दोन चमचे मिसळावं, थोडं थोडं पाणी देत आठवडा जाऊ द्यावा, मग तळातून पाणी वाहीपर्यंत दोन-तीन वेळा भरपूर पाणी घालावं. क्रम उलटा करू नये: जिप्समआधी नुसत्या मऊ पाण्याने धुतलं तर कण आणखी सुटतात. तळाचं भोक बुजलेलं असेल तर सोडियमला बाहेर जायला वाट नाही, तेव्हा आधी ते मोकळं करावं. पाणी उतरतच नसेल, तर झाड काढून माती बदलणं सोपं.