वाट पाहिली, तरी वाट सरत नाही

1910 मध्ये मँचेस्टरला रदरफोर्ड आणि गायगर यांनी पोलोनियममधून सुटणारे अल्फा कण मोजले. कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळला की बारीक चमक उठे. प्रत्येकी साडेसात सेकंदांच्या 2,608 कालखंडांत त्यांनी 10,097 चमका नोंदवल्या. म्हणजे एका कालखंडात सरासरी 3.87, आणि दोन चमकांमध्ये सरासरी सुमारे 1.94 सेकंदांचं अंतर.

आता समजा, दोन सेकंद झाले तरी चमक दिसलेली नाही. सरासरी तर उलटून गेली, म्हणून पुढची चमक आता लवकरच येईल, असं मन म्हणतं. पण तसं होत नाही. अजून सरासरी 1.94 सेकंदच थांबावं लागतं.

हे हिशेबाने पाहू. अशा प्रतीक्षेचा काळ ‘घातांकी वितरण’ पाळतो. त्यात t सेकंदांपेक्षा जास्त थांबावं लागण्याची शक्यता e^(−t/1.94) इतकी असते. एक हजार अंतरं घेतली, तर दोन सेकंदांनंतरही चमक न आलेली साधारण 357 उरतात. चार सेकंदांनंतर उरतात 127. आता 357 पैकी 127 म्हणजे पुन्हा सुमारे 35.6 टक्केच. पहिल्या दोन सेकंदांत जेवढा वाटा गळाला, तेवढाच पुढच्या दोन सेकंदांतही गळाला. आधीच्या प्रतीक्षेचा पुढच्या प्रतीक्षेवर काहीही परिणाम न होण्याच्या या गुणाला ‘स्मृतिहीनता’ म्हणतात. सलग काळाच्या वितरणांत तो एकट्या घातांकी वितरणाकडे आहे.

याचं कारण अणूमध्ये आहे. पोलोनियमचा अणुगर्भ झिजत नाही, म्हातारा होत नाही. काल न फुटलेला अणू आज कालच्याइतकाच ताजा असतो, आणि शेजारचा अणू कधी फुटला याच्याशी त्याचा संबंध नसतो.

जिथे झीज किंवा वेळापत्रक असतं, तिथे मात्र हे गणित लागू पडत नाही. बस नेमकी दर दहा मिनिटांनी सुटत असेल, तर आधीची बस सुटल्यावर आठ मिनिटं थांबलेल्याला उरलेली दोनच मिनिटं थांबायचं असतं.

मग आपल्या हातातली प्रतीक्षा कोणत्या जातीची, हे ओळखायचं कसं? नोंदींतून फक्त लांबलेल्या प्रतीक्षा वेगळ्या काढा आणि त्यांचा उरलेला काळ सरासरीने मोजा. नोंदी पुरेशा असताना तो सुरुवातीच्या सरासरीइतकाच निघाला, आणि लांबलेपणाची मर्यादा बदलूनही तसाच राहिला, तर घातांकी वितरण वापरायला हरकत नाही. तो कमी निघाला, तर झीज किंवा वेळापत्रक काम करत असावं. जास्त निघाला, तर बहुधा जलद आणि संथ अशा दोन प्रकारच्या घटना एकाच नोंदवहीत मिसळल्या आहेत. अशा वेळी त्या आधी वेगळ्या कराव्यात, मगच सरासरी काढावी.